भडंग घरी ठेवा: शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला विमानातून नेताना

कोल्हापूरहून कुणी परगावी निघालं की सामानात भडंगाचा पुडा असतोच. आमच्याही होता. धाकट्याला घेऊन पहिल्यांदा दुबईला त्याच्या मामाकडे निघालो तेव्हा आईनं दोन पुडे बांधले, एक मामासाठी आणि एक वाटेत आम्हाला खायला. पोराला शेंगदाणा आणि काजू चालत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. "त्याला कोण देतंय? तुम्ही खावा की," असं तिचं म्हणणं. पुडा फुटला तो नेमका माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये. त्याच कप्प्यात त्याची पाण्याची बाटली, रुमाल आणि चित्रांचं पुस्तक होतं.

हैदराबादला उतरलो तेव्हा त्याच्या तोंडाभोवती लाल गांधी उठल्या होत्या. सबंध प्रवासभर आम्ही नवरा-बायको पलीकडच्या रांगेत काजू खाणाऱ्या एका गृहस्थांकडे रागानं बघत बसलो होतो. सॅक उघडल्यावर कळलं, काजूवाल्या काकांचा काहीच दोष नव्हता. नशीब की प्रकरण गांधींवरच थांबलं.

त्यानंतर आम्ही चार वेळा विमानानं गेलो. अशा मुलाला घेऊन पहिल्यांदाच उडणाऱ्यांसाठी ते सगळं इथं क्रमानं लिहितोय. उदाहरण आमचंच आहे: सात वर्षांचा मुलगा, वजन 22 किलो, शेंगदाणा आणि काजू दोन्हींची अ‍ॅलर्जी, प्रवास कोल्हापूर ते हैदराबाद आणि तिथून विमान बदलून दुबई.

आधी हे समजून घ्या: धोका नेमका कुठं असतो

बहुतेक पालकांना भीती असते ती हवेची. बंद विमानात शंभर जणांनी एकदम शेंगदाण्याची पाकिटं फोडली तर काय, असं वाटतं. ब्रिटनच्या नागरी हवाई प्राधिकरणानं या प्रश्नाचा आढावा तज्ज्ञांकडून करवून घेतला आणि तो 2024 साली प्रसिद्ध झाला. शेंगदाण्याचे किंवा काजूचे कण विमानाच्या हवेतून पसरून लोकांना रिअ‍ॅक्शन येते असा पुरावा त्यात सापडला नाही. याचं कारण विमानाच्या रचनेत आहे. हवा छताकडून येते आणि पायाशी असलेल्या जाळ्यांतून बाहेर ओढली जाते. ती केबिनच्या लांबीनं पुढून मागे वाहत नाही. मोठ्या जेट विमानांत ती काही मिनिटांत बदलतेही, आणि जी फिरून आत येते ती बारीक फिल्टरमधून गाळून येते. भाजलेल्या दाण्यातलं प्रथिन तसंही सहज उडत नाही. मासे शिजताना निघणाऱ्या वाफेची गोष्ट वेगळी, तिच्यातून प्रथिनं उडतात. पण तो आपला विषय नाही.

मग रिअ‍ॅक्शन येते कुठून? एक तर खाण्यातून. दुसरं म्हणजे हातातून: आधीच्या प्रवाशानं काजू खाऊन ट्रेला, आर्मरेस्टला, पट्ट्याच्या बकलला हात लावलेला असतो. आपलं पोर तिथं हात लावतं आणि तोच हात तोंडात घालतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो. पलीकडच्या माणसाशी भांडण्यात जाणारी ताकद आपल्या मुलाच्या हातांवर आणि डब्यावर लावायची.

महिनाभर आधी: डॉक्टर

तिकिटाच्याही आधी डॉक्टरांकडे जा. दोन गोष्टी हव्यात: अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन, आणि पत्र.

परदेशी माहितीत सगळीकडे पेनसारख्या तयार इंजेक्शनचं नाव येतं. टोपी काढायची, मांडीवर दाबायचं, झालं. आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. बाहेरून मागवावं लागतं आणि महाग पडतं. ज्यांना जमतं त्यांनी ते दोन नग जरूर घ्यावेत. आमच्यासारखे बरेच जण डॉक्टरांच्या सल्ल्यानं साधी काचेची बंद कुपी, म्हणजे अ‍ॅम्प्यूल, आणि सिरिंज बाळगतात. ती स्वस्त आहे, पण वापरायला शिकावं लागतं.

हिशेब असा. अ‍ॅड्रेनलिनच्या 1 मिलिलिटर अ‍ॅम्प्यूलमध्ये 1 मिलिग्रॅम औषध असतं. मात्रा दर किलो वजनामागे 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे 22 किलोच्या मुलाला 0.22 मिलिलिटर. अख्खी अ‍ॅम्प्यूल सिरिंजमध्ये भरून दिली तर मात्रा साडेचार पटीनं जाईल, आणि घाबरलेला माणूस नेमकं हेच करण्याची भीती असते. म्हणून आमच्या डॉक्टरांनी सिरिंजवर त्या खुणेशी चिकटपट्टीची बारीक पट्टी लावून दिली आणि कागदावर आकडा मोठ्या अक्षरात लिहून दिला. तुमच्या मुलाचा आकडा तुमच्याच डॉक्टरांनी लिहून द्यायला हवा. वजन वाढलं की तो बदलतो.

सिरिंज 1 मिलिलिटरची घ्या, जिच्यावर शंभरावे भाग दाखवलेले असतात. दुकानदार कधी कधी सरळ इन्शुलिनची सिरिंज पुढे करतो. ती घेऊ नका. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात आणि सुई इतकी आखूड की औषध कातडीखालीच राहतं. अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत जायला हवं. सुई कोणती हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्या.

सराव घरी करायचा. अ‍ॅम्प्यूल कापसात धरून मानेपाशी मोडणं पहिल्यांदा जमत नाही, हात कापतो नाहीतर औषध सांडतं. आम्ही मुदत संपलेल्या दोन अ‍ॅम्प्यूल फोडल्या आणि भरलेली सिरिंज संत्र्यात टोचली. हे बायकोलाही यायला हवं, कारण पोर कुणाच्या मांडीवर असेल ते आधी सांगता येत नाही.

प्रवासात निदान दोन मात्रांची सोय ठेवा. पहिलीनं फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांत दुसरी द्यावी लागते. आणि काच फुटू शकते, म्हणून आम्ही तीन अ‍ॅम्प्यूल आणि चार सिरिंज चष्म्याच्या कडक डबीत ठेवतो. औषध उजेडापासून आणि उन्हापासून जपायचं. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवून बाहेर चहाला उतरलात तर ते औषध शिजलंच म्हणून समजा.

पत्र इंग्रजीत, डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह. मुलाचं नाव तिकिटावर आहे तसंच हवं. अ‍ॅलर्जी कशाची, औषध कोणतं, सिरिंज आणि सुई केबिनमध्ये सोबत असणं का गरजेचं आहे, एवढं चार ओळींत पुरे. दोन प्रती काढा आणि औषधाचं बिलही जोडून ठेवा.

तिकीट काढताना आणि कळवताना

कोल्हापूरहून सुटणारी विमानं छोटी असतात, एका बाजूला दोनच आसनं. आपल्याला ते सोयीचंच आहे. मुलाला खिडकीशी बसवा, शेजारी आपण बसा, की अनोळखी हात त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पुढच्या मोठ्या विमानात तीन-तीन आसनं असतात. तिथंही खिडकीचंच आसन घ्या, आणि तिघे असाल तर सगळी रांगच आपली.

जमलं तर पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा. आमचे दोन टप्पे दोन कंपन्यांचे आणि दोन वेगळ्या पीएनआरचे होते. पहिल्या कंपनीला कळवलं, त्यांनी नोंदही केली. दुसऱ्या विमानात चढलो तर तिथल्या कर्मचाऱ्यांना काहीच माहीत नाही. त्यांची चूक नव्हती. एका कंपनीकडची नोंद दुसरीकडे आपोआप जात नाही, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. तिकीट एकीनं विकलेलं आणि विमान दुसरीचं असं असेल तर जिचं विमान उडणार आहे तिला कळवायचं. तिकिटावर बारीक अक्षरात तिचं नाव असतं.

कळवायचं तीनदा. तिकीट काढलं की लगेच फोन किंवा ईमेल. उड्डाणाच्या 48 तास आधी नोंद दिसते का याची खात्री. आणि विमानात चढताना दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला तोंडी. खरं काम तिसऱ्या वेळीच होतं, कारण बडीशेप-पाण्याचा गाडा ढकलणारी माणसं तीच. तरी पहिल्या दोन वेळा सोडू नका. लेखी उत्तर हातात असलं की गेटवर वाद होत नाही.

फोनवर शब्द जपून वापरा. "नट अ‍ॅलर्जी" म्हटलं की ऐकणारा बदाम-काजू समजतो. शेंगदाणा ही खरं तर शेंगवर्गातली वनस्पती, नट नव्हेच. म्हणून "पीनट" आणि "कॅश्यू" असे दोन वेगळे शब्द उच्चारा, आणि "सिव्हियर, कॅरीज अ‍ॅड्रेनलिन" हे जोडा. त्यांनी काय टाइप केलं ते परत वाचून दाखवायला सांगा. एकदा मला पलीकडून ऐकू आलं, "ओके सर, कोकोनट."

मागायचं काय? आमचा अनुभव असा की तीन गोष्टी मागितल्या तर सहसा मिळतात: आसन पुसायला इतरांच्या आधी चढू द्या, आमच्या आणि पुढच्या-मागच्या रांगेत काजू-शेंगदाणे देऊ नका, आणि मुलाला आम्हाला न विचारता काही देऊ नका. सबंध विमानात नट्स नकोत अशी हमी मागू नका. ती कुठलीच कंपनी देत नाही, देऊही शकत नाही, कारण प्रवासी घरून काय आणतात त्यावर तिचा ताबा नसतो. हमी मागितली की समोरचा सावध होतो. मग "डॉक्टरचा फिटनेस आणा", "जबाबदारी तुमची असं लिहून द्या" हे सुरू होतं.

माइकवरून घोषणा करा असं काही पालक हट्टानं सांगतात. कर्मचारी स्वतःहून करत असतील तर हरकत नाही, पण मी त्यासाठी अडून बसत नाही. धोका हवेतून नसेल तर विसाव्या रांगेतल्या माणसाचे काजू बंद करून काय मिळणार? त्यापेक्षा पुढच्या आणि मागच्या रांगेतल्या चार जणांना मी स्वतः वळून सांगतो. "दादा, पोराला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तेवढं सांभाळून घ्याल का?" आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. एका आजींनी तर राजगिऱ्याची वडी काढून दिली. ती मात्र हात जोडून परत करावी लागली.

विमानातलं जेवण: शाकाहारी म्हणजे सुरक्षित नव्हे

ही चूक आपल्याकडचे लोक हमखास करतात. तिकिटाच्या वेळी खास जेवणाच्या यादीत AVML असं दिसतं. ते भारतीय पद्धतीचं शाकाहारी जेवण. घरच्यासारखं असेल म्हणून आपण तेच निवडतो. पण पनीरच्या दाट रश्श्याला अंग काजूच्या पेस्टनं येतं, पुलावावर काजू तळून पेरतात, आणि बर्फी तर काजूचीच. VGML, म्हणजे दूधही नसलेलं शाकाहारी, तिथं दुधाची जागा बऱ्याचदा बदाम किंवा काजू घेतात. खास जेवण म्हणजे अ‍ॅलर्जीविरहित जेवण असा अर्थ कुठंही नसतो.

त्यामुळे नियम सोपा ठेवला: पोरगा विमानातलं काहीही खात नाही. बंद बाटलीतलं पाणी तेवढं चालतं.

आता घरचा डबा. इथं कोल्हापूरकरांचा खरा कस लागतो, कारण आपल्या अर्ध्या स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट असतो. पोहे, साबुदाण्याची खिचडी, वांग्याची भाजी, कोशिंबीर, ठेचा, पांढऱ्या रश्श्यातली काजूची पेस्ट. जे घर रोज सांभाळतंय त्याला हे नवीन नाही. पण प्रवासाच्या दिवशी डबा आजी, काकू किंवा शेजारच्या वहिनी करून देतात, आणि घोळ तिथं होतो. लाकडी घाण्याचं शेंगतेलही त्यातच आलं. रिफाइंड तेलातलं प्रथिन जवळजवळ निघून गेलेलं असतं, घाण्याच्या तेलात ते राहतं. आईचा घाण्याच्या तेलाचा आग्रह आणि "एक चमचा फोडणीनं काय हुतंय?" हा प्रश्न आमच्या घरात अजून मिटलेला नाही. डबा मात्र बायकोच करते.

आमच्या डब्यात असतं ते असं: दुधात भिजवलेल्या दशम्या, सूर्यफूल तेलातली बटाट्याची सुकी भाजी, केळी, आणि घरी भाजलेल्या चुरमुऱ्यांचा चिवडा, बिनदाण्याचा. सगळं कोरडं, म्हणजे सुरक्षा तपासणीत अडत नाही. आंतरराष्ट्रीय टप्प्यावर दही, चटणी, लोणचं यांना द्रवाचा 100 मिलिलिटरचा नियम लागतो, ती घेऊच नका. आणि डबा दुप्पट बांधा. पावसाळ्यात ढग खाली आले की उजळाईवाडीचं विमान तासन्‌तास लांबू शकतं. तोंडाला चव हवी म्हणून पोरगा रडायला लागला की माणूस नको ती पाकिटं विकत घेतो.

जाता जाता दुबईवाल्यांसाठी: मसाल्यात किंवा सामानात खसखस नेऊ नका. तिथं तिच्यावर बंदी आहे. अ‍ॅलर्जीशी याचा संबंध नाही, पण कोल्हापूरचा मसाला न्यायचा मोह सगळ्यांनाच होतो.

विमानतळावर

सुरक्षा तपासणीत डबी लपवू नका. सॅक पट्ट्यावर ठेवण्याआधीच सांगा, "आत इंजेक्शन आहे, डॉक्टरांचं पत्र आहे." क्ष-किरणांनी औषध बिघडत नाही. दोन मिनिटं पत्र वाचतात आणि सोडतात. डबी सॅकमध्येच राहायला हवी. मोठ्या सामानात टाकली तर ती पोटात, आपण वर. आणि एकदा बसल्यावर सॅकही वरच्या कप्प्यात नको, समोरच्या आसनाखाली हवी. पट्टे बांधायचा दिवा लागलेला असताना उठून कप्पा उघडणं अवघड होतं.

सगळ्यात जास्त सावध हैदराबादसारख्या मोठ्या विमानतळावर राहायला हवं, कारण तिथं चार तास हातात असतात आणि समोर वीस दुकानं. 2016 साली लंडनहून फ्रान्सला निघालेल्या, तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. विमानातल्या कुणाच्या खाण्यामुळे नाही, तर विमानतळावर घेतलेल्या सँडविचमुळे. पावाच्या कणकेतच तीळ होते आणि वेष्टणावर तसं लिहिलेलं नव्हतं. वडिलांनी दोन इंजेक्शनं दिली, तरी ती वाचली नाही. त्यानंतर ब्रिटननं कायदा बदलला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून दुकानातच बांधून विकल्या जाणाऱ्या पदार्थांवरही सगळे घटक छापणं सक्तीचं झालं.

आपल्याकडे कारखान्यातून बंद होऊन आलेल्या पाकिटांवर अ‍ॅलर्जीची ओळ असते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांत शेंगदाणे आणि इतर नट्स जाहीर करणं बंधनकारक आहे. ती ओळ घटकांच्या यादीखाली शोधा: "Contains" म्हणजे आहेच, "May contain" म्हणजे त्याच यंत्रावर शेंगदाणेही येऊन गेलेले असू शकतात. आम्ही दोन्ही टाळतो. एक लक्षात ठेवा, ज्यांना तिळाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी फक्त या ओळीवर विसंबू नये, तीळ त्या सक्तीच्या यादीत नाहीत. पूर्ण घटक वाचावे लागतात. काउंटरवर उघड्यावर ठेवलेलं सँडविच, समोसा, कुकी यांवर तर विश्वासच नको. विकणारा "नाही साहेब, काही नाही त्यात" म्हणतो तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

आसनावर बसताना: दहा मिनिटं पुसण्याची

आधी चढू दिलं तर उत्तम. नाही दिलं तरी एकानं पोराला कडेवर धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं पुसायचं. ओले वाइप्स वापरा, घरून आणलेले, नवीन पाकीट. ट्रे दोन्ही बाजूंनी, ट्रेची कडी, दोन्ही आर्मरेस्ट, बकल, खिडकीची झडप, समोर स्क्रीन असेल तर ती. एक वाइप एका जागेला. तोच वाइप फिरवत राहिलात तर ट्रेवरचं आर्मरेस्टवर नेऊन लावाल. आसनाच्या कापडावर आम्ही धुतलेली पातळ चादर टाकतो. समोरच्या खिशात काही ठेवू नका, त्यात हातही घालू देऊ नका. तिथं आधीच्या प्रवाशांची टरफलं आणि रिकामी पाकिटं पडलेली असतात, आणि तो खिसा आतून कुणी पुसत नाही.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. सॅनिटायझरनं शेंगदाणा जात नाही. सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिन हातावर तसंच राहतं. 2004 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात हाताला शेंगदाण्याचं बटर लावून हे तपासलं होतं. साबणानं आणि वाइप्सनं ते निघालं, नुसत्या पाण्यानं आणि जेलनं काही हातांवर राहिलं. तेव्हा पोराच्या हातावर जेल चोळून निश्चिंत होऊ नका. खाण्याआधी वाइप, आणि जमलं तर साबण.

आपलेही हात त्यात धरा. पहिल्या प्रवासात भडंग मी खाल्लं होतं आणि त्याच हातानं त्याचं पुस्तक उघडून दिलं होतं.

तरीही त्रास सुरू झाला तर

नुसत्या चार गांधी उठल्या आणि पोरगा नीट बोलतोय, खेळतोय, तर डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅलर्जीचं औषध द्या, तोंड-हात पुसा आणि नजर हलवू नका.

पण आवाज घोगरा झाला, सारखा खोकतोय, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय, जीभ किंवा घसा सुजल्यासारखं म्हणतोय, पुन्हा पुन्हा उलटी होतेय, किंवा एकदम गळून गेला, पांढरा पडला, यातलं काहीही दिसलं तर अ‍ॅड्रेनलिन. लगेच. अंगावर गांधी नाहीत म्हणून थांबू नका, प्रत्येक वेळी त्या येतातच असं नाही. पित्ताची गोळी देऊन वाट बघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ती गोळी खाज कमी करते, श्वासनलिका उघडत नाही. लहान मुलं नीट सांगत नाहीत. आमचा म्हणतो, "जिभेला मुंग्या चावतायत." तुमचं मूल काय म्हणतं ते ओळखून ठेवा.

एकानं सुई द्यायची, दुसऱ्यानं बोलावण्याचं बटण दाबून मोठ्यानं सांगायचं: "अ‍ॅनाफिलॅक्सिस, अ‍ॅड्रेनलिन दिलंय." अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणजे जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन, हा एक शब्द कर्मचाऱ्यांना कळतो. ते विमानात डॉक्टर आहे का विचारतात, ऑक्सिजन देतात, जमिनीवरच्या डॉक्टरांशी वैमानिकामार्फत बोलतात. पोराला आडवं करून पाय वर धरा. श्वास लागत असेल तर बसवून ठेवा, पण उभं करू नका आणि स्वच्छतागृहाकडे चालवत नेऊ नका. या अवस्थेत एकदम उभं राहिल्यानं रक्तदाब कोसळतो. घड्याळात वेळ बघून ठेवा. पाच मिनिटांनंतरही फरक नसेल तर दुसरी मात्रा.

"विमानात औषधांची पेटी असतेच ना?" असं आमच्या एका नातेवाइकांनी विचारलं होतं. डॉक्टरांनी वापरायची, अ‍ॅड्रेनलिन असलेली पेटी आंतरराष्ट्रीय मानकात सुचवली आहे ती तीसपेक्षा जास्त प्रवासी आणि दोन तासांहून लांब टप्पा असलेल्या विमानांसाठी. कोल्हापूर-हैदराबाद त्याहून आखूड. पेटी असली तरी ती उघडायला सहसा विमानात डॉक्टर असावा लागतो. आपली डबी आपल्या पायाशी, एवढंच खरं.

सुईनंतर पोरगा दहा मिनिटांत हसायलाही लागेल कदाचित. तरी उतरल्यावर गेटवर वैद्यकीय मदत मागवून ठेवायला सांगा आणि दवाखान्यात काही तास देखरेखीखाली राहा. औषधाचा असर उतरला की त्रास परत उलटू शकतो. पुढचं विमान चुकलं तर चुकू दे.

मागच्या मे महिन्यात पुन्हा दुबईला जाऊन आलो. मामासाठी भडंग नेलंच, आईपुढं कोण बोलणार. पण ते दोन पिशव्यांत गुंडाळून, चिकटपट्टी लावून मोठ्या बॅगेत, विमानाच्या पोटात. आणि बॅग भरली ती मी, धाकट्याचे कपडे दुसऱ्या बॅगेत आधी बंद झाल्यावर.